सहा आठवड्यांत दीड रविवार

आमच्या भागात बायोडाटा म्हणजे वर गणपती, खाली नाव, जन्मवेळ, रास, नाडी, गण, देवक, मामेकूळ आणि सगळ्यात शेवटी 'अपेक्षा : अनुरूप'. ड्युटीच्या वेळेला त्यात रकानाच नाही. वडिलांनी नोकरीपुढे 'स्टाफ नर्स, पुणे' एवढंच लिहिलं. त्याखाली 'आयसीयू, नाइट ड्युटी' ही ओळ मी घातली, ती आईनं खोडायला लावली. "रातपाळीचं कशाला लिवायचं? पाव्हणं आल्यावर सांगू की."

पाव्हणं आले ते चुलत्यांच्या घरी, पुण्यातच, सकाळी अकराला. मी आठला पुढच्या सिस्टरकडे पेशंट सोपवून, म्हणजे ओव्हर देऊन, रिक्षात केस विंचरत पोचले होते. आदल्या दिवशी दुपारी साडेतीनला उठलेली मी, म्हणजे एव्हाना साडेएकोणीस तास जागी. सगळ्यांचे अकरा वाजले होते, माझ्या अंगात मध्यरात्र उलटून गेली होती. पोह्यांचा ट्रे कसाबसा ठेवला. मुलाच्या आत्यानं विचारलं, "आवड कशाची आहे?" मी म्हणाले, "झोपेची." कुणी हसलं नाही. मग आत्यांनी मूळ मुद्दा काढला, "लग्नानंतर नाइट बंद करता येईल ना?" मी म्हणाले, "आत्या, दवाखान्याची रात्र कशी बंद होणार? कुणीतरी असायलाच लागतं." खरं तर हे मी नीट, हसून सांगू शकले असते. पण त्या वेळेला माझ्याकडे हसू शिल्लक नव्हतं.

त्यानंतर मी ठरवलं की आता स्वतःच लग्नाच्या वेबसाइटवर प्रोफाइल करायचं आणि नाइटचं पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकायचं. वाटलं होतं एका दुपारचं काम आहे. लागले तीन महिने, आणि मजकूर तीनदा लिहावा लागला.

पहिल्या खेपेला जे लिहिलं ते आज वाचवत नाही. 'माझी ड्युटी रात्रीची असल्यामुळे मी फारसा वेळ देऊ शकत नाही, तरी समजून घ्यावे ही विनंती.' माझी रूम पार्टनर कॅथ लॅबमध्ये आहे. ती वाचून म्हणाली, "हे काय, रजेचा अर्ज केलायस का?" बरोबर होतं तिचं. काहीही न मागता आधीच माफी मागून ठेवली होती, आणि वाचणाऱ्याला नक्की कधी बोलता येईल हे कळतच नव्हतं. दोन आठवड्यांत जे चार जण बोलले त्या चौघांचाही पहिला प्रश्न एकच, "मग बोलायचं कधी?"

म्हणून दुसऱ्या खेपेला वाक्य उलटं केलं. 'रात्री जागी असते, दिवसा झोपते.' साधं, खरं वाक्य. आणि तिथंच फसले. ज्या दिवशी ते टाकलं त्या दिवसापासून रात्री साडेअकरा-बारानंतर निरोपांची रांग लागली. 'जागी आहेस का?' 'एकटी बोअर होत असशील ना?' एकानं तर 'पेशंट झोपल्यावर तू मोकळीच' असं लिहून पुढे डोळा मारला होता. मी जागी असते हे त्यांनी अचूक वाचलं होतं, का जागी असते हे कुणीच वाचलं नव्हतं.

आयसीयूतली रात्र बाहेरच्यांना माहीत नसते हे मला कळतं. लोकांच्या डोळ्यांपुढे सिनेमातली नर्स असते, टेबल लॅम्पखाली मासिक चाळणारी. आमच्याकडे एका सिस्टरकडे दोन पेशंट असतात, फार आजारी असेल तर एक. आठला ओव्हर घ्यायची, म्हणजे आधीच्या सिस्टरकडून प्रत्येक नळी, प्रत्येक पंप, कुठल्या औषधाचा रेट किती, हे बेडशेजारी उभं राहून समजून घ्यायचं. दहाची औषधं. दर तासाला चार्टवर नाडी, बीपी, ऑक्सिजन, लघवी किती झाली. दर दोन तासांनी वॉर्डबॉय मामांना हाक मारून पेशंटची कूस बदलायची, नाहीतर पाठीला बेडसोर होतो. व्हेंटिलेटरवर असेल तर लागेल तसं सक्शन, म्हणजे नळीतला कफ ओढून काढायचा. पहाटे स्पंज, मग रक्ताचे नमुने, सहाला रात्रभरात अंगात किती गेलं आणि बाहेर किती आलं याची बेरीज, आणि आठला ओव्हर. चार-साडेचारच्या सुमाराला शरीराचं तापमान दिवसातलं सगळ्यात खाली असतं, तेव्हा मे महिन्यातही मी स्वेटर घालते. याच तासात ड्रिपचा हिशेब मी दोनदा करते, कारण याच तासात चुकायची भीती जास्त. फोन लॉकरमध्ये असतो. तीनच्या सुमाराला कुणी बेड सांभाळलं तर वीस मिनिटं चहा मिळतो.

त्या वीस मिनिटांनीही घोळ केला. चहाबरोबर एकदा सहज साइट उघडून बघितली, तर नावापुढे हिरवा ठिपका लागला. दुसऱ्या दिवशी एका बऱ्यापैकी बोलणाऱ्या मुलाचा निरोप : 'पहाटे सव्वातीनला ऑनलाइन होतीस. मला उत्तर नाही, मग कुणाशी चाललं होतं?' चार दिवसांची ओळख आणि हजेरी घ्यायला सुरुवात. त्याला मी उत्तर दिलं नाही, पण 'ऑनलाइन दिसणे' ही सेटिंग त्याच दिवशी बंद केली. नाइट करणाऱ्या कुणीही प्रोफाइल उघडलं तर फोटोच्याही आधी हे करावं. दिवसा काम करणाऱ्याचा हिरवा ठिपका कुणी बघत नाही, पहाटेचा मात्र सगळे बघतात.

तिसरी खेप सुरू झाली ती एका कॅलेंडरमुळे. कधी बोलता येईल हे सांगता येत होतं, पण कधी भेटता येईल हे मलाही धड सांगता येत नव्हतं. 'रविवारी भेटू' असं समोरचा म्हणाला की मी हो म्हणायची आणि मग ड्युटी लिस्ट बघून नाही म्हणायची. दोघांनी मला तोंडावर टाळाटाळ करणारी म्हटलं. एक जण म्हणाला, "दोन रविवार नीट होतीस, मग महिनाभर कुठे गायब?" मला राग आला, पण वाक्य डोक्यात राहिलं, कारण ते खरं होतं. असं का होतं, हे मला सात वर्षं नाइट करूनही माहीत नव्हतं.

भिंतीवरचं कालनिर्णय काढलं आणि पेन घेऊन बसले. आमच्या युनिटमध्ये चार नाइट, दोन ऑफ असं चक्र आहे. म्हणजे सहा दिवसांचं. आठवडा सात दिवसांचा. त्यामुळे माझी सुट्टी दर वेळी एक वार मागे सरकते. या खेपेला रविवार-सोमवार ऑफ असेल तर पुढच्या खेपेला शनिवार-रविवार, मग शुक्रवार-शनिवार, गुरुवार-शुक्रवार, बुधवार-गुरुवार, मंगळवार-बुधवार, सोमवार-मंगळवार, आणि मग परत रविवार-सोमवार. पूर्ण फेरी व्हायला बेचाळीस दिवस, म्हणजे बरोबर सहा आठवडे लागतात. त्यात लागोपाठ दोन रविवार ऑफमध्ये येतात आणि नंतरचे चार रविवार एकही येत नाही. तो मुलगा म्हणत होता ते अगदी हेच.

त्यातही गोम आहे. ऑफचा पहिला दिवस हा नाइट उतरल्याचा दिवस असतो. रविवार-सोमवार ऑफ म्हणजे रविवारी सकाळी आठला मी ओव्हर देते, घरी येऊन झोपते आणि दुपारी साडेतीनला उठते. तो अर्धा रविवार. शनिवार-रविवार ऑफमधला रविवार तेवढा अख्खा. सहा आठवड्यांत दीड रविवार. इन्चार्ज सिस्टरनी कुणाच्या रजेपायी लिस्ट बदलली तर तोही गेला. पण त्याच कागदावर दुसरंही दिसलं : बाकीच्या वारांतही मला मोकळ्या दुपारी आहेत, दर सहा दिवसांनी एक अख्खा दिवस आहे. लोक मागतात तो वार माझ्याकडे नाही, एवढंच.

मग बोलण्याच्या वेळेचाही तसाच हिशेब मांडला. समोरचा माणूस दहा ते सात ऑफिस करणारा धरला. त्यानं सोमवारी संध्याकाळी पावणेआठला सवडीनं निरोप लिहिला, तर तेव्हा माझा फोन लॉकरमध्ये चाललेला असतो. मी तो वाचणार मंगळवारी सकाळी साडेआठला, बसमध्ये. उत्तर देणार झोपून उठून, चहा घेऊन, पाचच्या सुमाराला. एकवीस तास झाले. यात कुणी कुणाला टाळलेलं नाही. पण हे आधी सांगितलं नसेल तर एकविसाव्या तासाला समोरच्यानं आपली आशा सोडलेली असते, आणि त्यात त्याचा दोष नाही.

सकाळी साडेआठला वाचून लगेच उत्तर का देत नाही, तर एकदा दिलं होतं म्हणून. बँकेत नोकरी करणारा एक साधा, नीट लिहिणारा मुलगा होता. त्यानं विचारलं होतं, 'नर्सिंगकडे कशा वळलात?' त्या रात्री दोन अॅडमिशन झाल्या होत्या आणि पहाटे पाचला त्यातला एक बेड रिकामा झाला होता. नातेवाइकांना आत घेणं, कागद, शेवटची तयारी, सगळं उरकून मी बसमध्ये बसले आणि लिहिलं, 'का? त्यात काय वाईट आहे?' दुपारी उठून स्वतःचंच वाक्य वाचलं आणि कपाळावर हात मारला. माफीही लिहिली, पण तो परत बोलला नाही. तेव्हापासून नाइट उतरल्यावर वाचायचं, पाठवायचं नाही. फारच सुचलं तर वहीत लिहून ठेवायचं.

या सगळ्यातून एक गोष्ट लक्षात आली. मी दोन्ही खेपांना माझं काम आणि माझी जाग यांच्या वेळा सांगत होते. सांगायला हवी होती माझी झोप. 'रात्री जागी असते' वाचून माणसं रात्री यायला बघतात. 'सकाळी साडेनऊ ते दुपारी साडेतीन ही माझी रात्र' असं वाचलं की त्यांना ते लगेच समजतं, कारण रात्री दोनला कुणाला फोन करायचा नसतो हे सगळ्यांना माहीत आहे. शेवटी जो मजकूर राहिला तो असा :

'मी पुण्यात आयसीयूत स्टाफ नर्स आहे. चार रात्री काम आणि मग सुट्टी असं चक्र असतं. नाइट उतरली की सकाळी साडेनऊ ते दुपारी साडेतीन ही माझी रात्र, तेव्हा फोन बंद असतो. कामावर फोन जवळ नसतो, त्यामुळे खऱ्या रात्रीही मी बोलू शकत नाही. संध्याकाळी पाच ते साडेसहा माझा निवांत वेळ. निरोपाला उत्तर यायला एक दिवस लागतो, पण येतं. जमणार नसेल तर तेही कळवते. रविवार क्वचितच मोकळा असतो, मधल्या वारची दुपार मात्र मिळते. लग्नानंतरही नाइट असतील. मला सावकाश आणि थोडं लांब लिहिणारी माणसं आवडतात. दिवसाला एक निरोप पुरेसा आहे. "हाय"ला काय उत्तर द्यावं ते मला सुचत नाही, म्हणून सुरुवातीला हे सांगा : तुमच्या घरात सगळ्यात आधी कोण उठतं आणि उठल्यावर पहिलं काय करतं?'

यातून काही गोष्टी मुद्दाम काढल्या. हॉस्पिटलचं नाव नाही. आधी 'सव्वासातच्या बसनं निघते' असंही होतं, ते रूम पार्टनरनं काढायला लावलं. कुठली बाई रोज किती वाजता कुठल्या स्टॉपवर एकटी असते, हे अनोळखी लोकांना सांगायचं कारण नाही. ऑफच्या तारखाही प्रोफाइलवर नाहीत, ओळख झाल्यावर ज्याला हव्या त्याला देते. फोटोत युनिफॉर्म ठेवला नाही. एक फोटो फार छान आला होता, पण नीट बघितलं तर गळ्यात ओळखपत्र आणि मागे पाटीवर पेशंटची नावं. तो फोनमधूनही काढून टाकला. वॉर्डातला फोटो तसाही टाकायचा नसतो.

'लग्नानंतरही नाइट असतील' या वाक्यावर आईशी फोनवर अर्धा तास वाजलं. तिचं म्हणणं, हे वाचून स्थळं कमी येतील. आलीही कमी. आधी आठवड्याला पंधरा-वीस निरोप असायचे, ते तीन-चारवर आले. पण 'जागी आहेस का' जवळजवळ थांबलं. जो प्रश्न वाचून उत्तर देतो त्यानं वरचा मजकूरही वाचलेला असतो, हा त्या प्रश्नाचा खरा उपयोग. बाकी तो चाळणीचं काम करतो हे मला नंतर कळलं, मी तो नुसता कुतूहलापोटी घातला होता. सकाळी साडेआठला बसमधून जाताना उघड्या खिडक्या दिसतात, कुणी दात घासतंय, कुणी तुळशीला पाणी घालतंय, आणि मी निघालेली असते झोपायला.

उत्तरं गमतीची आली. एकानं लिहिलं, 'आई उठते. काय करते माहीत नाही, मी झोपलेला असतो.' प्रामाणिक होता, पण मी पुढे गेले नाही. एकानं दीड पानभर योगासनांची यादी दिली. आणि एक जण कोल्हापूरकडचा, दूध शीतकरण केंद्रावर सुपरवायझर. त्याचं उत्तर असं होतं : 'मीच उठतो, साडेतीनला. सकाळचं संकलन असतं. पण पहिलं काम मी करत नाही. मी उठल्याचा आवाज आला की वडील उठतात आणि माझ्यासाठी बंब पेटवतात. गॅस गीझर घेऊन दोन वर्षं झाली, खोक्यात आहे. ते लावू देत नाहीत.'

मी दुसऱ्या दिवशी पाचला उत्तर लिहिलं. त्यानं त्याच्या पुढच्या दिवशी. तो रात्री साडेआठला झोपतो, म्हणजे मी ओव्हर घेत असते तेव्हा. तो साडेतीनला उठतो तेव्हा मी चहाला बसलेली असते. दोघंही जागे असतो आणि तरी बोलत नाही, कारण तो टँकरच्या मागे असतो आणि माझी चहाची वीस मिनिटं संपत आलेली असतात. आमचा वेळ संध्याकाळी पाच ते साडेसहा, तोही त्याच्या संध्याकाळच्या संकलनात अर्धा जातो. पहिल्या महिन्यात आम्ही मिळून पंचवीसेक निरोप लिहिले असतील. एवढे तर लोक एका रात्रीत लिहितात. पण मला त्याच्या केंद्रावरची फॅटची मशीन कशी चालते हे माहीत आहे, आणि त्याला बेडसोर पहिल्यांदा कुठे होतो हे.

एकदा त्यानं सलग तीन दिवस काही लिहिलं नाही. सगळ्यांना सबुरीनं घ्या म्हणून सांगणारी मी, तिसऱ्या दिवशी नाइटला जाताना बसमध्ये चार वेळा फोन बघितला. मग निरोप आला : कॉम्प्रेसर बंद पडला होता, दूध नासू नये म्हणून टँकर फिरवत होतो. खाली एक ओळ, 'एक दिवस लागतो असं मी प्रोफाइलवर लिहायला हवं होतं.'

भेटायचं ठरवताना मी कालनिर्णयाचा फोटो पाठवला, पेनच्या गोलांसकट, आणि चार रविवार नाहीत असं आधीच सांगून टाकलं. त्यानं लिहिलं, 'दुधाला रविवार नसतो. मला बुधवार सांगा.' येत्या खेपेला मंगळवार-बुधवार ऑफ आहे, म्हणजे बुधवार अख्खा. पुणे आणि कोल्हापूरच्या साधारण मध्ये सातारा पडतं, तिथल्या एसटी स्टँडवर दुपारी बारा. सकाळचं संकलन आटपून तो निघेल, संध्याकाळचं दुसऱ्याला सांगितलंय म्हणाला.

काल त्याचा निरोप होता, 'नाइट उतरून येणार की झोपून?'

मी लिहिलं, 'झोपून.'

'मग ठीक आहे,' तो म्हणाला. 'मी मात्र साडेतीनचा उठलेला असेन. आवड विचारू नका.'

पोह्यांचा किस्सा मी त्याला दुसऱ्या आठवड्यातच सांगितला होता.